न समजता म्हटलेलं ‘हो’

उल्हासनगरच्या बाजारात लेस, बटणं आणि फॉलची दुकानं एकाला एक चिकटून उभी असायची. त्यातल्या एका दुकानाच्या गल्ल्यावर एक सिंधी बाई बसायच्या. साठीच्या आसपासच्या, गोऱ्यापान, आणि आवाज असा की चार दुकानं सोडून पलीकडेही भाव कळावा. मी त्यांना आंटी म्हणायचे. त्यांना आयुष्यात कधी कुणी ‘नाही’ म्हणताना ऐकलं नव्हतं.

म्हणजे गिऱ्हाइकाला. तुम्ही कुठलाही अशक्य रंग मागा, मोरपिशी आणि शेवाळी यांच्या मधला, आंटींचं उत्तर ठरलेलं. “हां हां, मिल जाएगा, बैठो.” मग त्या नवऱ्याकडे नुसतं बघायच्या. ते बिचारे चपला सरकवून मागच्या दाराने बाहेर पडायचे आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या दुकानांतून तो रंग पैदा करून आणायचे. बाजाराची रीतच ती. गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हटलं की ते उठून समोरच्या दुकानात जातं आणि पुन्हा येत नाही. “टीचर, ‘नहीं’ बोलनेवाले का शटर जल्दी गिरता है,” असं आंटी मला पुढे कितीदा तरी सांगायच्या.

मी टीचर कशी झाले ते सांगते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही अंबरनाथला राहायचो, आणि मी तिथल्या एका कारखान्यातल्या साहेबलोकांना जर्मन शिकवायचे, कारण कारखान्यात जर्मन यंत्रं आली होती. कॉलेजात असताना हौसेने शिकलेली भाषा अशी अचानक कामाला आली. त्या दिवशी फॉल घेताना पिशवीतून माझं पुस्तक डोकावलं. आंटींनी ते ओढूनच घेतलं.

“ये जर्मन है? मेरी पोती जर्मन है!”

त्यांचा एकुलता एक मुलगा शिकायला तिकडे गेला होता आणि तिकडचाच झाला. सून जर्मन. नात पाच वर्षांची, आणि तिला जर्मनशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. दर रविवारी मुलाचा फोन यायचा. नात एक-दोन वाक्यं बोलायची, मुलगा त्याचं सिंधीत करून सांगायचा, आंटींचं उत्तर मुलगा जर्मनमध्ये करून तिला द्यायचा. “बीच में मेरा बेटा दलाल बनके बैठा है,” आंटी म्हणाल्या. “मेरे को डायरेक्ट बात करनी है.”

ते ऐकून मला हसू आलं, पण नाही म्हणवेना. दुसऱ्याच आठवड्यापासून मी दुपारच्या रिकाम्या वेळी दुकानात जाऊ लागले.

त्याच सुमारास मुंबईत भाषाशिक्षकांच्या एका शिबिरात मला काही झेरॉक्स पानं मिळाली होती. युरोपात सगळ्या भाषांसाठी एकच मोजपट्टी ठरत होती, तिचा कच्चा आराखडा. सहा पायऱ्या. सगळ्यात खालची ए-वन, वरची सी-टू. प्रत्येक पायरीवर ऐकणं, वाचणं, बोलणं, लिहिणं यांच्या याद्या, आणि यादीतली प्रत्येक ओळ ‘मला येतं’ या सुरातली. मला माझं नाव, गाव सांगता येतं. मला ओळखीच्या माणसांबद्दल साधे प्रश्न विचारता येतात. ओळीसमोर तीन रकाने. पहिला शिकणाऱ्याचा: जमत असेल तर एक बरोबरची खूण, सहज जमत असेल तर दोन. दुसरा रकाना शिक्षकाचा. तिसऱ्यात, जे अजून येत नाही पण यायला हवं आहे तिथे उद्गारचिन्ह. बहुतेक ओळी भरल्या की ती पायरी जवळपास गाठली असं समजायचं. परीक्षा नाही, मार्क नाहीत. आपणच आपल्याला तपासायचं.

मला हा प्रकार फार आवडला, पण आमच्या लोकांना तो पचेना. कारखान्यातल्या एका साहेबांनी पहिल्याच दिवशी सगळ्या ओळींवर दोन-दोन खुणा ठोकल्या, जणू बढतीचा फॉर्म भरत होते. एक लॅबवाल्या बाई चांगल्या बोलायच्या, पण त्यांच्या हातून एक खूण उमटेल तर शपथ. “आपणच कसं लिहायचं, येतं म्हणून?” मला त्यांची अडचण कळायची. माझं माहेर बदलापूरचं. तिथे मी स्वयंपाकाची तारीफ ऐकून ‘हो, छान झालाय’ म्हटलं असतं तर आईने डोळे वटारले असते.

आंटींना यातलं काहीच आडवं आलं नाही. त्यांनी यादी हातात घेतली आणि ती मालाच्या यादीसारखी वाचली. मी ओळी हिंदीत करून दिल्या होत्या. “ये होटल में कमरा मांगने का, ये नहीं चाहिए. स्टेशन किधर है, नहीं चाहिए, मेरे को कौनसा स्टेशन जाना है? ये चाहिए. ये भी चाहिए.” असं करत त्यांनी आजीला जे लागेल तेवढ्याच ओळींसमोर उद्गारचिन्हं काढली. ‘काय आवडतं, काय नाही ते विचारता येतं.’ ‘समोरचा कसा आहे ते विचारता येतं.’ माझं पुस्तक साहेबांसाठी होतं, त्यात सगळे एकमेकांना अहो-जाहो करत खोल्या बुक करायचे. ते बाजूला ठेवून मी त्या उद्गारचिन्हांवरून धडे बेतायला लागले. शिकवण्यात एवढी मजा मला त्याआधी आली नव्हती.

आकडे तर त्यांनी पहिल्या दिवशीच मारले. जर्मनमध्ये एकवीस म्हणताना आधी एक आणि मग वीस. इंग्रजीत मोजणारे साहेब तिथे हटकून अडखळायचे. आंटी म्हणाल्या, “तो इसमें क्या है? हमारा भी तो ऐसाच है.” आणि दोन खुणा. मीही माझ्या रकान्यात मुकाट्याने दोन काढल्या.

खुणा करायचा माझा नियम मात्र कडक होता. एकदा जमलं म्हणजे जमलं नाही. वेगवेगळ्या दिवशी, वेगळ्या बोलण्यात, वही न बघता जमलं पाहिजे. त्यावरून घासाघीस व्हायची. “आधा राइट तो देओ,” असं त्या म्हणायच्या. मी म्हणायचे, “आंटी, तुमचा रकाना तुमचा. माझा माझा. माझ्यात भाव कमी होत नाही.” त्यावर त्या खूश व्हायच्या. पक्कं गिऱ्हाईक भेटलं की दुकानदाराला बरंच वाटतं.

यादीच्या जोडीला मी त्यांना चुकांची वही घालायला लावली. सगळ्या चुका नाही. मी नुसती भुवई उंचावली आणि त्यांनी स्वतःच सुधारलं, तर ती जीभ घसरली म्हणायची, लिहायची नाही. जी चूक दाखवूनही कळत नाही किंवा पुन्हा पुन्हा येते, तीच लिहायची. काय म्हटलं, काय म्हणायला हवं होतं, असं का झालं. पुन्हा तीच झाली की पुढे एक रेघ. रेघा जास्त त्यातल्या दोन-तीन घेऊन आठवडाभर त्यांच्याच मागे लागायचं. बरेच आठवडे दिसली नाही की काट. आंटी ती वही सिंधी लिपीत लिहायच्या, उजवीकडून डावीकडे, त्यामुळे माझे रकाने त्यांच्या वहीत उलटे झाले होते आणि त्या चुका त्यांनाच मला वाचून दाखवाव्या लागायच्या. नातीला ‘आपण’ म्हणणं ही त्यांची एक चूक त्या वहीत बरेच दिवस होती. ती माझ्या साहेबी पुस्तकाची देणगी. एका रविवारी फोनवर नात खदखदून हसली, आणि ती चूक जन्माची गेली.

एक चूक मात्र जायला तयार नव्हती. न समजता ‘हो’ म्हणणं.

मी मुद्दाम भरभर काहीतरी बोलायचे. आंटी मान डोलावून म्हणायच्या, “या, या.” म्हणजे हो, हो. मी विचारायचे, काय म्हणाले मी? पत्ता नसायचा. रेघ. समजावून सांगितलं, वाक्य घोटून घेतलं: मला समजलं नाही, पुन्हा सांग. वाक्य तोंडपाठ. पण बोलण्याच्या ओघात आलं की ये रे माझ्या मागल्या. बाकीच्या चुकांपुढे दोन-चार रेघा, आणि हिच्यापुढे कुंपण उभं राहिलेलं. ‘असं का झालं’ या रकान्यात मी त्यांना कारण लिहायला सांगितलं, तर त्यांनी सिंधीत काहीतरी लिहिलं आणि वाचून दाखवलं: दुकानाची सवय.

ए-वनच्या यादीत बरोब्बर ती ओळ होती. ‘समजलं नाही तर तसं सांगता येतं, पुन्हा बोलायला सांगता येतं.’ उन्हाळा संपेपर्यंत आंटींच्या हव्या असलेल्या ओळी जवळजवळ सगळ्या भरल्या. माझ्या रकान्यात तेवढी एकच रिकामी राहिली.

एका सोमवारी मी गेले तर आंटींचा चेहरा फुललेला. “टीचर, कल इतनी लंबी बात हुई! बेटे को मैंने बोला, तू बाजू हो. अकेले बात की.” आणि त्यांनी माझ्यासमोर त्या रिकाम्या ओळीपुढे आपल्या रकान्यात दोन ठसठशीत खुणा काढल्या.

“काय म्हणाली नात?”

“बहुत कुछ बोली. स्कूल का कुछ था. स्कूल, स्कूल करती थी. खुश थी बहुत.”

“आणि तुम्ही?”

“मैं बोली, या, या.”

मी वही ओढली आणि रेघ मारली. आंटी भडकल्या. “बच्ची हंस रही थी! मेरे से खुश होके बात की! और तू लकीर मारती है?” मीही काही कमी नाही. मी म्हटलं, “तुमच्या खुणा मी खोडणार नाही. पण माझ्या रकान्यात ही ओळ कोरीच राहणार.” त्यांचे यजमान आमच्यात पडू नये म्हणून उगाचच मागच्या दाराने रंग शोधायला गेले. त्या दिवशी आंटींनी मला चहा विचारला नाही, आणि मी रिक्षात बसून घरी येईपर्यंत धुमसत होते.

गणपतीच्या आसपासची गोष्ट. दुपारी दाराची बेल वाजली, उघडलं तर आंटी. त्या आमच्या घरी कधी आल्या नव्हत्या. गल्ला सोडून कुठेच जायच्या नाहीत. घामाघूम झालेल्या, हातात ती यादी आणि वही. खुर्चीत बसल्या आणि पाणीही न पिता बोलू लागल्या.

तिकडे मूल पहिलीत जातं त्या दिवशी मोठा समारंभ असतो. आजी-आजोबा येतात, मुलांना खाऊने भरलेला कागदाचा मोठा कोन देतात. नातीने त्या रविवारी फोनवर विचारलं होतं, आजी, माझ्या शाळेच्या पहिल्या दिवशी तू येशील? आणि आजी म्हणाली होती, हो, हो. पोरीने आईबापांना सांगितलंच नाही, तिला ती गंमत ठेवायची होती. पहिल्या दिवशी शाळेत तिने आपल्या शेजारची खुर्ची धरून ठेवली. कुणालाही बसू देईना. भारतातून माझी आजी येतेय, तिने मला स्वतः सांगितलंय. समारंभ संपला तरी खुर्ची सोडेना.

“बेटे ने पूछा, अम्मा, तूने ऐसा बोला था क्या?” आंटी म्हणाल्या. “अब फोन पे नहीं आती. बोलती है, दादी झूठ बोलती है.”

गल्लीभर ऐकू जाणारा तो आवाज आमच्या बैठकीच्या खोलीतही पुरेना. मला त्यांचा राग होता तो कुठल्या कुठे गेला. मी नुसती त्यांचा हात धरून बसले.

मग त्यांनी यादी पुढे केली. “रबर दे. ये दो राइट मिटा दे.”

मी म्हटलं, “नाही खोडायचं. तेव्हा तुम्हाला वाटलं होतं ना येतं? राहू दे. शेजारी तारीख घाला आणि तिसऱ्या रकान्यात उद्गारचिन्ह.” त्यांनी घातलं, आणि इतकं जोरात की कागदाला भोक पडलं.

पण वाक्य तर त्यांना येतच होतं. अडत होतं ते भाषेत नाही, हे मलाही त्या दिवशी नीट उमगलं. तेव्हा मी सराव जर्मनचा दिलाच नाही. म्हटलं, आठवडाभर दुकानात करा. जे समजलं नाही ते पुन्हा विचारायचं. जे नाही ते नाही म्हणायचं.

“धंदा डूबेगा,” त्या म्हणाल्या. पण कबूल झाल्या.

पुढच्या खेपेला मी एका बाजूला बसून बघत होते. पालेगावकडच्या दोन बाया आल्या, लग्नाची खरेदी, दोघी एकदम बोलणाऱ्या आणि गावाकडच्या बोलीत. एरवी आंटी मान डोलावून मोकळ्या झाल्या असत्या आणि समोर लेसचे गठ्ठे टाकले असते. त्या दिवशी त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “बाई, मेरे को समझा नहीं. परत बोला.” बाया जरा चपापल्या. मग एकीने सावकाश सांगितलं, खणाला लावायची बारीक किनार पायजे, चकचकीत नको. आंटींनी नेमकी तीच काढून दिली. थोड्या वेळाने एकीने कसलासा रंग मागितला, आणि आंटी म्हणाल्या, “नहीं है.” यजमान चपला घालायला उठलेच होते, ते तसेच एका पायावर उभे राहिले. मला हसू आवरेना. बाया उठून गेल्या नाहीत. एक म्हणाली, “बरं, मग दुसरा दाव.”

त्या रविवारी आंटींनी मला फोनच्या वेळी घरी बोलावून घेतलं. दुकानाच्या वरच राहायचे ते. फोन आला. नात यायला तयार नव्हती, मुलगा विनवत होता, ते सगळं ऐकू येत होतं. शेवटी आली. आंटी उभ्याच होत्या. त्यांनी जर्मनमध्ये म्हटलं, “तेव्हा मला समजलं नव्हतं. मी हो म्हणाले. ते चूक होतं.” ही वाक्यं मी शिकवलेली नव्हती. भूतकाळ ए-वनच्या यादीत नव्हताही. त्यांनी ती कुठून कशी जुळवली, देव जाणे. क्रियापद भलतीकडे पडलं होतं, पण मी रेघ मारली नाही.

पलीकडून एक भरभर वाक्य आलं. आंटींची मान सवयीने हलायला लागली, आणि थांबली.

“समजलं नाही. पुन्हा सांग. हळू.”

पोरीने पुन्हा सांगितलं. पुन्हा नाही समजलं. पुन्हा सांग. तिसऱ्यांदा ती एकेक शब्द तोडून बोलली, मोठ्या बाईसारखी दम देत, आणि मग तिलाच त्याची गंमत वाटायला लागली. आजीला शिकवायचं! फोन संपला तेव्हा आंटींनी पदराने डोळे पुसले आणि यादी माझ्यापुढे सरकवली. मी माझ्या रकान्यात एक खूण केली. एकच. त्यांनी घासाघीस केली नाही.

डिसेंबरच्या सुट्टीत सगळे आले. दोन वेण्या घातलेली ती पोर दुकानात गल्ल्यावर बसून बटणांचे डबे रिकामे करायची आणि अख्खा बाजार तिला बघायला यायचा. पहिल्या दिवशी आंटींनी तिला सिंधीत काहीतरी विचारलं. पोरीने मान डोलावली. आंटींनी डोळे बारीक केले. “समझी क्या? नहीं समझी.” त्यांनी एक कोरा कागद घेतला, रकाने आखले आणि नातीची यादी करायला बसल्या. पाणी मागता येतं. आजोबांना हाक मारता येते. आणि सगळ्यात वर, समजलं नाही ते सांगता येतं. शब्दांच्या जागी त्यांनी चित्रं काढली होती. समजलं नाही म्हणून वाकडं तोंड. पोर खुणा करायला एक नंबरची उदार होती, थेट आमच्या साहेबांसारखी. आंटी मात्र आपल्या रकान्यात एकही फुकट देत नव्हत्या.

जायच्या दिवशी मी निरोप द्यायला गेले होते. दुकानासमोर गाडी उभी, टपावर बॅगा बांधलेल्या, शेजारचे दुकानदारही बाहेर आलेले. नातीने आजीचा पदर धरला आणि म्हणाली, “आजी, आता तू आमच्याकडे ये. मी तुझ्यासाठी खुर्ची ठेवीन. येशील?”

अगदी सोपं वाक्य. त्यातला प्रत्येक शब्द आंटींच्या यादीत दोन-दोन खुणांनी भरलेला होता. मीच भरला होता.

आंटी खाली वाकल्या. “समजलं नाही,” त्या म्हणाल्या. “पुन्हा सांग.”

पोरीने सांगितलं. हळू.

“पुन्हा.”

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. मी आंटींकडे बघत होते. त्यांना पहिल्या खेपेलाच कळलं होतं, हे मला कळत होतं, आणि मला कळलंय हे त्यांनाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पोरगी आता एकेक शब्द सुटा करून, आजीचे गाल दोन्ही हातांत धरून सांगत होती. खुर्ची. तुझ्यासाठी. येशील?

“या,” आंटी म्हणाल्या. एकदाच.

गाडी गेली. धूळ बसली. आंटी तिथेच उभ्या होत्या, आणि मग यजमानांकडे वळून त्यांनी विचारलं, “सुनो, पासपोर्ट का फॉर्म किधर मिलता है?”

ते लगेच चपला घालायला लागले.